टीव्हीच्या कागदाची तिसरी आवृत्ती

मी पोटासाठी सूचना लिहिते. ठाण्यातल्या एका ऑफिसात बसून ‘हे बटण दाबा, मग ती खूण दिसेल, तिच्यावर जा’ अशी वाक्यं रचणं हा माझा धंदा आहे. माझ्या सूचना लोकांना कळतात, याचा मला बराच गर्व होता. त्याच गर्वापायी मी आईच्या उजव्या डोळ्याचे पाच आठवडे घालवले, आणि तेसुद्धा आईबाबांच्या नव्या टीव्हीसाठी हौसेने लिहिलेल्या एका पानाच्या कागदाने. आईचा डावा डोळा लहानपणापासून अधू. त्याने तिला फक्त उजेड आणि आकार कळतात. शिवण, वाचन, तांदूळ निवडणं, आम्हाला वाढवणं, हे सगळं तिने उजव्या एका डोळ्यावर केलं. म्हणजे जो गेला, तोच काय तो होता.

डोंबिवलीच्या घरातला जुना टीव्ही गणपतीत बंद पडला. विसर्जन झाल्यावर मी बाबांना घेऊन दुकानात गेले आणि चांगला मोठा टीव्ही घेतला. बाबांना तो जरा जास्तच मोठा वाटला. ‘‘अगं, आपली खोली केवढी, हा केवढा,’’ म्हणून ते दोनदा दुकानाच्या दारापर्यंत परत गेले. पण आईला दूरवरून नीट दिसेल, असं मी म्हटल्यावर गप्प झाले. टीव्ही घेण्यामागे आईचा डोळा होता, हे मला आठवतं तेव्हा अजूनच चिडचिड होते.

टीव्ही बसवायला आलेला माणूस घाईत होता. सुरुवातीला टीव्ही विचारतो, मला घरात लावलंय की दुकानात. त्या भल्या माणसाने दुकान निवडलं आणि निघून गेला. दुकानाचं चित्र भडक असतं, कारण तिथे ट्यूबलाइटच्या झगमगाटात शेजारच्या दहा टीव्हींशी चढाओढ असते. शिवाय त्यात तुम्ही काही बदललंत तरी टीव्ही थोड्या वेळाने आपल्या मूळ भडकपणावर येतो. रविवारी मी बाळकुमच्या माझ्या घरून डोंबिवलीला गेले, तर मालिकेतल्या सासूचं तोंड केशरी आणि हिरवळ अशी की डोळ्यांत खुपावी. आई मात्र खुर्चीत रेलून खूश होती.

‘‘नाकातली नथसुद्धा दिसते बघ,’’ ती म्हणाली.

मला असल्या गोष्टी सहन होत नाहीत. कुणाच्याही घरी गेले तरी माझं लक्ष आधी त्यांच्या टीव्हीकडे जातं आणि मग मी रिमोट मागते. नवऱ्याने यावरून मला अनेकदा हात जोडले आहेत. त्या दिवशी मी दुकान बदलून घर केलं आणि एकेक करून सगळं ‘बरोबर’ केलं. ‘व्हिव्हिड’ काढून ‘मूव्ही’ लावलं. हलणारं चित्र गुळगुळीत करायची एक सोय असते, तिच्यामुळे सिनेमासुद्धा लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो, ती बंद केली. शार्पनेस खाली आणला, कारण तो वाढवला की नवीन काही दिसत नाही, नुसत्या वस्तूंच्या कडांना पांढऱ्या रेघा येतात. वीज वाचवण्यासाठी खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा आपोआप मंद करणारी सोयही बंद केली.

‘‘अगं, मघाशी उजळ होतं ते काय वाईट होतं?’’ आई म्हणाली.

‘‘ते खोटं होतं, आई. हे खरं चित्र. बनवणाऱ्याने जसं बनवलं तसं.’’

‘‘खोटं असेना का, दिसत होतं ना.’’

मी हसले. बाबाही हसले. मग मी जेवणाच्या टेबलावर बसून कागद लिहिला. पाच कलमं, ठळक अक्षरात, प्रत्येक कलमात एकच काम. पाचवं कलम असं की हे सगळं सेटटॉप बॉक्ससाठी एकदा आणि टीव्हीतल्या इंटरनेटच्या ॲपसाठी पुन्हा एकदा करावं लागतं, कारण टीव्ही दोन्हींच्या सेटिंग वेगळ्या लक्षात ठेवतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून मी त्याखाली रेघ मारली. आणि शेवटी, लोक घाबरून सगळं परत फिरवतात हा धंद्यातला अनुभव असल्यामुळे, एक टीप लिहिली: ‘सुरुवातीला चित्र मंद आणि पिवळट वाटेल. त्यात काही बिघाड नाही. आठवड्याभरात डोळ्यांना सवय होते.’

टीप खोटी नव्हती. निरोगी डोळ्यांना होते सवय. हे मी आजही कुणालाही सांगेन, फक्त आता माझा आवाज तितका ठाम निघत नाही.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि शिफ्ट इनचार्ज होऊन निवृत्त झाले. तिथे प्रत्येक यंत्रापाशी काम कसं करायचं त्याचा कागद टांगलेला असे, त्याखाली सही आणि आवृत्तीचा क्रमांक. त्या कागदाबाहेर जाऊन कुणी शहाणपणा केला तर बाबा त्याला फैलावर घेत. त्यांच्या काळात तिथे कुणाला इजा झाली नाही, याचं श्रेय ते त्या कागदांना देतात. तेव्हा मी लिहिलेला कागद हाती पडताच त्यांनी माझी सही मागितली. मला वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळ जाऊन त्यांनी तो लॅमिनेट करून आणला, वर कोपऱ्यात ‘आवृत्ती १’ लिहिलं आणि टीव्हीशेजारच्या खिळ्याला टांगला. त्या दिवसापासून रिमोटच्या सेटिंगच्या बटणाला हात लावायचा हक्क आईला राहिला नाही.

दहा-बारा दिवसांनी आईचा फोन आला. मी ऑफिसातून निघत होते.

‘‘अगं, त्या बातम्या देणाऱ्या मुलीच्या तोंडावर मळकट दिसतं. मधोमध. बोट फिरवल्यासारखं.’’

‘‘पडदा पुसलास का?’’

‘‘दोनदा पुसला. मऊ फडक्याने.’’

‘‘मग अंधार वाटत असेल. बाबांना दे.’’

बाबांना मी समजावलं की ‘ब्राइटनेस’ नावाला भुलू नका, त्याने नुसता काळा रंग राखाडी होतो. पडद्यामागचा दिवा ‘बॅकलाइट’ने वाढतो. तो वाढवा. बाबांनी सांगितलं तसं केलं, पण नोंद कागदावर हवी म्हणून मला नवीन कागद करून मागितला. मी तो टाइप करून पाठवला. आवृत्ती २. आईला विचारलं तर म्हणाली, ‘‘आता बरं आहे.’’ पुढे मला कळलं की बरं काही झालेलं नव्हतं. लेक दमून घरी निघाली आहे, तिला पुन्हा कशाला त्रास, म्हणून बरं. माझी आई डॉक्टरांनाही असंच सांगते. मला हे जन्मापासून माहीत आहे, तरी मी त्या ‘बरं आहे’वर काम संपल्याची खूण केली.

त्यानंतर आठवड्याने पट्टीचं निघालं.

बातम्यांच्या वाहिनीवर खाली मजकुराची पट्टी सरकत असते ना, ती आईला वाकडी दिसायला लागली. ‘‘मधे खड्डा पडल्यासारखी. अक्षरं तिथे घसरतात आणि पुन्हा वर येतात,’’ असं तिने अगदी नीट सांगितलं. आई वर्णन फार छान करते. आमच्या ऑफिसात अशी तक्रार करणारं गिऱ्हाईक मिळालं तर आम्ही नाचू. आणि मी काय केलं, तर त्या तक्रारीला माझ्याकडच्या खान्यांपैकी एका खान्यात कोंबलं. काही टीव्हींत चित्राचा आकार बदलायची सोय असते. चुकून ‘झूम’ लागलं तर खालची पट्टी कापली जाते, आणि जुनं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर पसरवताना कडेच्या भागात ते जास्त ताणलं जातं. मला वाटलं, रिमोटवर कुठेतरी हात पडला असणार.

‘‘आई, हा आकाराचा घोळ आहे. सोळा-नऊचं नेहमीचं माप करून टाकू.’’

‘‘बघ बाई, तुला कळतं त्यातलं.’’

आता डोकं ठिकाणावर ठेवून विचार केला तर दिसतं की असं होऊच शकत नाही. चित्र कितीही ताणलं तरी आडवी रेघ लांब होते, वाकत नाही. आणि ताण पडतो तो कडेला पडतो. आई ‘मधे’ म्हणत होती. ‘मळकट’ म्हणाली तेव्हाही ‘मधोमध’ म्हणाली होती. एक साधा प्रश्न पुरला असता: तू मान वळवलीस की खड्डा तुझ्याबरोबर सरकतो का? मी विचारला नाही. मला प्रश्न नको होता, सहावं कलम हवं होतं. जेवायच्या सुट्टीत मी ते लिहून पाठवलं: ‘पिक्चर साइज सोळा-नऊ ठेवावी. पट्टी सरळ दिसू लागेल.’ आवृत्ती ३. आधीच्या दोन आवृत्त्या बाबांनी खिळ्यावरून काढल्या आणि त्यांच्यावर ‘रद्द’ असं लिहून कपाटात ठेवल्या.

पट्टी सरळ झाली नाही. बाबा रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांना मेनूत जाऊन आकार तपासत. तो सोळा-नऊच असे. मग ते दुसऱ्या आकारावर नेऊन परत सोळा-नऊवर आणत आणि आईला विचारत. आई आधी ‘वाकडीच’ म्हणे, मग दोन-तीन दिवसांनी ‘जरा सुधारली’ म्हणे. मला फोन यायचा तो असा: ‘‘हिचं काही खरं नाही. मला सरळ दिसते. पण तू लिहिलंयस तर करत राहतो.’’ मी म्हणायचे, करत राहा, दिवाळीत आले की बघते. ऑफिसात कामाचा गोंधळ होता. नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी फराळाला हातभार लावायला म्हणून गेले. आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी शंकरपाळे कापत होती. मी बाहेर टीव्हीसमोर उकिडवी बसून मेनू चाळत होते. सगळं जागच्या जागी होतं. पट्टी दोरी धरून आखल्यासारखी सरळ सरकत होती.

आत बाबा हसले. ‘‘काय गं हे, शंकरपाळे की नागमोडी रस्ता?’’

मी उठून पाहिलं. आईच्या शंकरपाळ्यांची आमच्या सोसायटीत ख्याती होती, सगळे एका मापाचे. पोळपाटावर तिने कातण्याने मारलेल्या रेघा सरळ निघून मधे एकदम बाजूला जात होत्या आणि परत येत होत्या. आई कातणं हातात धरून त्यांच्याकडे बघत होती.

‘‘सरळ मारली तर मला वाकडी दिसते,’’ ती म्हणाली, ‘‘म्हणून सावरायला जाते. अगदी त्या पट्टीसारखं बघ.’’

माझ्या हातातला रिमोट मी ओट्यावर कुठेतरी ठेवला. तिला हात धुवायला लावले, खिडकीपाशी नेलं आणि तिच्या डाव्या डोळ्यावर माझा तळवा धरला. ‘‘गज कसे दिसतात?’’

‘‘मधला वाकलाय.’’

‘‘माझ्याकडे बघ. माझं तोंड?’’

‘‘केस दिसतात. कानातलं दिसतं.’’

‘‘आणि नाक? डोळे?’’

‘‘तिथे तेच ते. मळकट.’’

‘‘आई, कधीपासून?’’

‘‘टीव्ही आला तेव्हापासूनच गं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या पडद्याने डोळे बावचळले. तू लिहिलं होतंस ना, सवय होईल म्हणून.’’ मग घाईने म्हणाली, ‘‘तुम्ही एवढ्या हौसेने आणलात. टीव्हीने डोळे बिघडले असं कसं सांगू?’’

सोमवारी डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून पाहिलं आणि तिथूनच ठाण्याच्या पडदातज्ज्ञांकडे पाठवलं. पडदा म्हणजे डोळ्याच्या आतला. तिथे आईच्या हातात चौकटींचा एक कागद दिला, मधे एक ठिपका. ठिपक्याकडे बघून सांगायचं, रेघा कशा आहेत. आईने सांगितलं. डॉक्टर तरुण होत्या, त्यांनी मान हलवली आणि डोळ्याच्या आतला फोटो आम्हाला दाखवला. पडद्याच्या ऐन मध्यावर, जिथे आपण चेहरे आणि अक्षरं बघतो, तिथे खालून नको त्या बारीक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या, त्या पाझरल्या होत्या, आणि पाझराची जागा आता निबर होऊ लागली होती.

‘‘रेघा वाकड्या दिसणं ही याची पहिली खूण,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘त्यात घाई करावी लागते. किती दिवस झाले?’’

‘‘पाच आठवडे,’’ मी म्हटलं.

‘‘मग कुणी काहीच केलं नाही?’’

बाबांनी खिशातून छोटी वही काढली. मला तिचा पत्ता नव्हता. कारखान्यातल्या सवयीने त्यांनी रोजची नोंद ठेवली होती. तारीख, आकार सोळा-नऊ, आणि खाली दोन रकाने: ‘मी, सरळ. ही, वाकडी.’ पानामागून पान तेच. ते ती डॉक्टरांपुढे धरून बसले, जणू यात आमच्या बाजूचं काही निघेल. डॉक्टरांनी चाळून परत दिली आणि इंजेक्शनचं समजावून सांगायला लागल्या. डोळ्यात देतात, सुरुवातीला दर महिन्याला. पाझर थांबतो. जे निबर झालंय ते परत येतं असं सांगता येत नाही. लवकर आला असतात तर किती वाचलं असतं, तेही नक्की सांगता येत नाही. हे शेवटचं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि मला वाटतं दया म्हणून म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर आई थेंबांनी पाणावलेले डोळे मिटून बसली होती. बाबा वही उघडून बघत होते.

‘‘दाबाचे दोन गेज एकाच पाइपवर वेगळं दाखवतात तेव्हा आम्ही पाइप खोलत नसू,’’ ते म्हणाले. ‘‘गेज तपासायचो. पोरांना मी हेच शिकवलं. तीस वर्षं.’’

‘‘बाबा, मी चुकीचं लिहिलं. तुमचं काय चुकलं?’’

‘‘तू लिहिलंस म्हणून मी हिचं खरं मानलं नाही,’’ ते म्हणाले. त्यांनी आईकडे पाहिलं नाही.

रागावायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं. तो घाईचा माणूस, दुकान, टीव्ही, कुणाचीच चूक नव्हती. उलट त्या माणसाने चुकून लावलेल्या भडक चित्रात आईला निदान नथ दिसली होती.

इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या तीन वेळा मी रजा काढून गेले. नंतर बाबाच नेतात. पाझर थांबला आहे, बाजूचं सगळं दिसतं, ती घरात बिनधास्त वावरते, भांडी घासते, तुळशीला पाणी घालते. मधला भाग राहिला तो राहिला. घरी आल्यावर मी टीव्ही पुन्हा भडक केला, रंग वाढवले, कडांना पांढऱ्या रेघा येईपर्यंत शार्पनेस वाढवला, अक्षरं मोठी केली. जे जे मी लोकांच्या घरी जाऊन काढून टाकते ते सगळं लावलं. आईने प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे सांगितलं, की आता मळकट जास्त उजळ दिसतं. मेनूत अजून बरीच पानं होती. मी ती सगळी उघडून पाहिली आणि मग रिमोट बाबांकडे दिला.

ती आता मालिका ऐकते. कोण बोललं ते तिला आवाजावरून कळतं, आणि नवीन पात्र आलं की बाबा तिला त्याचं रूप सांगतात. बाबांना चेहरे सांगता येत नाहीत. ‘‘उंच आहे. शर्ट निळा,’’ एवढंच म्हणतात. आई तेवढ्यावर भागवते.

मला मात्र एकदा सगळं बोलून टाकायचं होतं. गेल्या महिन्यात बाबा बँकेत गेले होते, तेव्हा मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सुरुवात केली. तू तीनदा सांगितलंस आणि मी तीनदा ऐकलं नाही. तुझा डोळा माझ्यामुळे गेला. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, पण रडले.

आई ऐकत होती. तिची नजर माझ्या तोंडावरून सरकून खांद्याकडे जात होती, पुन्हा तोंडाकडे येत होती. मला वाटलं, ती माझ्याकडे बघायचं टाळते आहे, आणि तेही मला पटलं.

‘‘मी टीव्हीचं विचारलं, तू टीव्हीचं सांगितलंस,’’ ती म्हणाली. ‘‘आता ते पुरे. अशी समोर नको बसूस. जरा डावीकडे सरक.’’

मी खुर्ची सरकवली.

‘‘अजून थोडी.’’

मी अजून सरकले. तिने मान तशीच समोर भिंतीकडे ठेवली आणि बराच वेळ हलली नाही.

‘‘हां,’’ ती भिंतीकडे बघत म्हणाली. ‘‘आता दिसतेयस. किती वाळलीस गं.’’